मैदानावरचे तेवीस जण आणि एक तारीख

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना सुरू झाला की मैदानाच्या आत २३ माणसं असतात. अकरा या तालमीच्या संघाची, अकरा त्या तालमीच्या संघाची आणि एक मुख्य पंच. रेषेवरचे पंच आपण धरत नाही, ते बाहेर उभे असतात. या २३ जणांत कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते, ५०.७ टक्के. जन्माचं वर्ष वेगळं असलं तरी चालेल, दिवस आणि महिना तेवढा जुळला पाहिजे.

मी हे गॅलरीत शेजारी बसलेल्या आण्णांना सांगितलं. आण्णा आमच्या पेठेतले, एकेकाळी बचावफळीत खेळलेले. त्यांनी मैदानावरची नजर न काढताच विचारलं, "वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, माणसं तेवीस. कुठं मेळ बसायचा रं?" मग मध्यंतरात त्यांनी तोंडी हिशेब केला. २३ भागिले ३६५, म्हणजे शंभरात जेमतेम सहा. "सहा टक्के म्हण. निम्मं कुठलं काढलंस?"

मी शाळेत गणित शिकवतो आणि हे सहा टक्क्यांचं उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. ते चुकीचं आहे असं म्हणून उडवून लावणं मला पटत नाही, कारण ते उत्तर बरोबर आहे. फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं आहे.

तो दुसरा प्रश्न असा. शाहू महाराजांची जयंती २६ जूनला असते. मैदानावरच्या २३ जणांपैकी कुणाचा वाढदिवस नेमका २६ जूनला असेल का? आता तारीख आधीच ठरलेली आहे. एकेका खेळाडूजवळ जायचं आणि विचारायचं, "तुझा २६ जून का?" असे २३ प्रश्न होतात आणि प्रत्येक वेळी 'हो' येण्याची शक्यता ३६५ त एक. काटेकोर हिशेब केला तर एकतरी 'हो' मिळण्याची शक्यता ६.१ टक्के येते. आण्णांचे सहा टक्के ते हेच.

आपण मात्र २६ जूनबद्दल विचारलंच नव्हतं. आपण म्हटलं होतं, कुणाही दोघांचा, कुठल्याही तारखेला. तारीख मोकळी सोडली की प्रश्नांची संख्या एकदम वाढते. गोलरक्षकाला फक्त एका तारखेशी ताडून चालत नाही. त्याची तारीख बाकीच्या २२ जणांच्या तारखांशी ताडायची, मग पुढच्याची उरलेल्या २१ जणांशी, मग त्याच्या पुढच्याची २० जणांशी. सामन्याआधी प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवला, अगदी आपल्याच संघातल्यांशीसुद्धा, आणि पंचांनीही मिळवला, तर एकूण हस्तांदोलनं किती होतील? प्रत्येकजण २२ हात हातात घेतो, म्हणून २३ गुणिले २२. पण एका हस्तांदोलनात दोघं असतात, त्यामुळे ते दोनदा मोजलं गेलं. निम्मं केलं की उरतात २५३.

म्हणजे २३ माणसांच्या मैदानावर तारीख जुळते का हा प्रश्न २३ वेळा विचारला जात नाही, २५३ वेळा विचारला जातो. आपलं मन माणसं मोजतं आणि जुळणी होते ती जोड्यांची. जोड्या माणसांच्या मानाने भराभर वाढतात. पहिले दहा खेळाडू मैदानात आले तेव्हा जोड्या होत्या ४५. शेवटचे तीन जण आत आले आणि त्या तिघांनीच आणखी ६३ जोड्या आणल्या, २० अधिक २१ अधिक २२. हा एक मुद्दा नीट मनात बसला की बाकीचा सगळा हिशेबाचा भाग आहे.

तो हिशेबही करून बघू, कारण त्यात अवघड असं काही नाही. युक्ती एवढीच की जुळण्याची शक्यता थेट मोजायची नाही. न जुळण्याची मोजायची. जुळणं शंभर तऱ्हांनी होऊ शकतं, एक जोडी, दोन जोड्या, तिघांची एकच तारीख. न जुळण्याची तऱ्हा एकच, सगळ्यांच्या तारखा वेगळ्या.

ड्रेसिंग रूमच्या दाराशी भिंतीवर एक कॅलेंडर टांगलंय असं समजा. बाहेर पडणारा प्रत्येकजण आपल्या वाढदिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने फुली मारून मैदानात जातो. पहिल्याला काहीच अडचण नाही, सगळं कॅलेंडर कोरं आहे. दुसऱ्यासाठी एक चौकोन भरलेला आहे, त्याला ३६४ मोकळे. तिसऱ्याला ३६३. असं करत तेविसाव्यापर्यंत येऊ, त्याच्या आधी २२ फुल्या पडलेल्या आहेत आणि त्याच्यासाठी ३४३ चौकोन मोकळे. एकटा तेविसावा बघितला तर तो मोकळ्या चौकोनातच जाण्याची शक्यता अजूनही ९४ टक्के आहे. सुरक्षितच वाटतं. पण फुली टाळण्याचं काम त्याच्या एकट्याचं नाही, त्याच्या आधीच्या प्रत्येकालाही ते जमलेलं असायला हवं. म्हणून गुणाकार करायचा:

```
३६४/३६५ × ३६३/३६५ × ३६२/३६५ × … × ३४३/३६५ = ०.४९२७
```

गुणाकार का, हे वर्गात मुलं हमखास विचारतात. त्यांना मी असं सांगतो. एक नाही, हजार सामने एकाच वेळी चाललेत असं धरा. हजार ठिकाणी हजार कॅलेंडरं. ज्या ठिकाणी कुणीतरी भरलेल्या चौकोनावर दुसरी फुली मारेल, ते कॅलेंडर खाली उतरवायचं. दहा खेळाडू बाहेर पडेपर्यंत हजारातली साधारण ८८३ कॅलेंडरं भिंतीवर शिल्लक असतात. पंधराव्यानंतर ७४७. विसाव्यानंतर ५८९. बाविसाव्यानंतर ५२४, अजून निम्म्याहून जास्त. आता तेविसावा निघतो. उरलेल्या ५२४ ठिकाणी दर ३६५ चौकोनांत २२ भरलेले आहेत, म्हणजे आणखी साधारण ३१ कॅलेंडरं उतरतात. भिंतीवर राहतात ४९३. निम्म्याची रेषा इथे ओलांडली जाते. बाविसाव्या माणसाला ती ओलांडत नाही, तेविसाव्याला ओलांडते.

सुरुवातीला घट किती हळू आहे ते बघा. पहिल्या पाच जणांनंतर हजारातली फक्त २७ कॅलेंडरं उतरलेली असतात. चार-पाच मित्र चहाला बसले आणि वाढदिवस जुळले तर ते खरंच नवलाचं आहे. आपला अंदाज याच लहान टोळक्यांवर पोसलेला असतो.

आता २५३ या आकड्याकडे पुन्हा एकदा येतो, कारण त्यात मला स्वतःला फार आवडणारी एक गोष्ट आहे. मघाचा २६ जूनचा प्रश्न घ्या. गॅलरीतल्या किती जणांना विचारलं म्हणजे त्या दिवशी जन्मलेला एकतरी माणूस भेटण्याची शक्यता निम्म्यावर जाईल? पुष्कळजण १८३ म्हणतात, ३६५ चं निम्मं म्हणून. पण १८३ माणसं १८३ वेगवेगळ्या तारखा व्यापत नाहीत, त्यांच्या त्यांच्यातच तारखा पुन्हा पुन्हा येतात. हिशेब केला तर उत्तर येतं २५३. तोच आकडा! ठरलेली तारीख शोधायला २५३ माणसं लागतात, आणि कुठलीही तारीख चालत असेल तर २५३ जोड्या लागतात, ज्या फक्त २३ माणसांत मिळतात. दोन्हीकडे ३६५ त एक संधी असलेला प्रश्न २५३ वेळा विचारला गेला.

इथे एक बारकावा सांगायला हवा. माणसांचे २५३ प्रश्न एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतात, जोड्यांचे तसे नसतात. गोलरक्षकाची तारीख सेंटर फॉरवर्डशी जुळली आणि सेंटर फॉरवर्डची पंचांशी, तर गोलरक्षक आणि पंचांची जुळणारच, तिसरा प्रश्न विचारायची गरज नाही. त्यामुळे दोन उत्तरांत थोडा फरक पडतो. २५३ माणसांच्या बाबतीत शक्यता ५०.०५ टक्के येते, २३ जणांच्या कॅलेंडरची ५०.७३. जोड्या मोजून काढलेलं उत्तर अंदाजाचं आहे, पण मैदानावर उभ्या उभ्या कामाला येईल इतकं चांगलं आहे.

माझ्या वर्गात ४५ मुलं आहेत. जोड्या ९९०. तारीख जुळण्याची शक्यता ९४ टक्के. एका वर्षी मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझ्या वाढदिवसाला आजवर कुठल्याच वर्गात दुसऱ्या कुणाचा वाढदिवस नव्हता." तिचं म्हणणं शंभर टक्के खरं असणार. ४५ च्या वर्गात एका ठराविक मुलाला जोडीदार मिळण्याची शक्यता अवघी ११ टक्के आहे. पूर्ण वर्गात सरासरी पाच मुलांना जोडीदार मिळतो आणि चाळीस मुलं रिकाम्या हाताने घरी जातात. शाळेतली सगळी वर्षं आपण बहुतेक वेळा त्या चाळिसांत असतो. त्यामुळे वाढदिवस जुळणं दुर्मीळ आहे हा आपला अनुभव खोटा नसतो, तो एका माणसाच्या जागेवरून घेतलेला असतो. वर्ग मात्र एका बाकावरून दिसत नाही, तो हजेरीपटावरून दिसतो.

हे पडताळून बघायचं तर एक सामना बघून काही कळणार नाही. ५०.७ टक्के म्हणजे जवळजवळ नाणेफेक. एका सामन्यात तारीख जुळली म्हणून सिद्ध होत नाही आणि जुळली नाही म्हणून खोटं ठरत नाही. बरेच संघ हवेत. फुटबॉलमध्ये यासाठी फार सोयीची एक यादी आहे. २०१४ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात ३२ देश होते आणि प्रत्येक देशाच्या चमूत बरोबर २३ खेळाडू. प्रत्येक खेळाडूची जन्मतारीख जाहीर. त्या ३२ चमूंपैकी १६ चमूंमध्ये किमान एक जोडी निघाली. बरोबर निम्मे. मेस्सीच्या अर्जेंटिनाच्या चमूतही निघाली. त्या दिवसांत कोल्हापुरात अर्जेंटिनाचे झेंडे लावलेल्यांना ही गोष्ट सांगितली असती तर गणित जास्त लवकर पटलं असतं असं मला वाटतं.

आतापर्यंतच्या सगळ्या हिशेबात मी एक गोष्ट गृहीत धरली होती, वर्षाचे सगळे दिवस सारखेच. प्रत्यक्षात तसं नसतं. काही महिन्यांत जन्म जास्त होतात, काहींत कमी. २९ फेब्रुवारी चार वर्षांतून एकदा येते. कुठे संघात जुळे भाऊ असतात. यातल्या पहिल्या दोन गोष्टींनी उत्तर हलतं ते इतकं थोडं की २३ चा आकडा २३ च राहतो. जुळे असले तर प्रश्नच मिटला. आणि दिवस असमान झाले तर जुळण्याची शक्यता वाढते, कमी कधीच होत नाही. कारण सोपं आहे. काही चौकोनांत गर्दी झाली की नवा येणारा माणूसही तिकडेच वळण्याचा संभव जास्त, आणि तिथे आधीच फुली असण्याचाही संभव जास्त. ओस पडलेल्या चौकोनांमुळे हा तोटा भरून निघत नाही.

जन्मांच्या नैसर्गिक चढउताराचा परिणाम नगण्य असतो. पण आपल्याकडे एक असमानता अशी आहे की तिने सगळा हिशेबच बदलतो. ती म्हणजे १ जून.

ज्यांच्या घरात साठी-सत्तरीची माणसं आहेत त्यांना सांगायला नको. पूर्वी खेड्यापाड्यांत जन्माची नोंद होतच होती असं नाही. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, थोरला पूर आला त्या साली, किंवा सुगीच्या दिवसांत. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि पहिलीत घालायला वय पूर्ण असावं लागायचं. मग गुरुजी जनरल रजिस्टरमध्ये १ जून लिहून मोकळे व्हायचे. ती तारीख पुढे दाखल्यावर आली, दाखल्यावरून नोकरीच्या कागदांवर आणि तिथून निवृत्तीच्या आदेशापर्यंत. मी यात गुरुजींना दोष देत नाही. त्यांच्यापुढे पोरगं उभं होतं आणि त्याला वर्गात बसवायचं होतं.

आता समजा, एका पिढीतल्या दहा माणसांमागे एकाची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे आणि बाकीचे नऊ वर्षभर सारखे विखुरलेले आहेत. दहात एक हा माझा मानलेला आकडा आहे, हिशेब दिसावा म्हणून. तर निम्म्याची रेषा ओलांडायला किती माणसं लागतील? पुन्हा न जुळण्याची बाजू धरायची. न जुळण्याच्या आता दोन तऱ्हा आहेत. एक, खोलीत १ जूनचा कुणीच नाही आणि बाकी सगळे वेगळे. दोन, १ जूनचा फक्त एकच आहे आणि बाकी सगळे वेगळे. चौदा माणसांसाठी पहिलीची शक्यता येते साधारण १८ टक्के, दुसरीची २९ टक्के. बेरीज ४७ च्या आत. म्हणजे जुळण्याची शक्यता ५३ टक्क्यांवर गेली. तेराजणांत ती अजून ४९ आहे. तर २३ ऐवजी १४ माणसं पुरतात, आणि चौदा माणसं म्हणजे एखाद्या कट्ट्यावरची संध्याकाळची बैठक.

हाच हिशेब उलटा फिरवला की तो एक तपासणी होतो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा सर्वांत उपयोगी भाग हा आहे. समजा, एखाद्या संस्थेच्या ६० ज्येष्ठ सभासदांची यादी तुमच्या हातात आली. जोड्या १७७०. तारखा खऱ्या असतील तर जुळणाऱ्या जोड्या १७७० भागिले ३६५, म्हणजे सरासरी पाचच्या आसपास निघाव्यात. पाचच्या जागी तीन निघाल्या किंवा आठ निघाल्या तर काही बिघडत नाही, तेवढं इकडेतिकडे होतं. पण त्या यादीत नऊजणांची तारीख १ जून असेल, तर त्या नऊजणांच्याच आपसात ३६ जोड्या होतात. पाच अपेक्षित असताना ३६ हा योगायोग नसतो. ती तारीख जन्माची नाही, ती दाखल्याची आहे.

यातून एक खरा धोका निर्माण होतो. याद्यांतली दुबार नावं शोधताना नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस तोच, असं पुष्कळ ठिकाणी धरलं जातं. पाटील, जाधव, कांबळे अशी आडनावं आणि मारुती, पांडुरंग अशी नावं असलेल्या मुलखात, १ जूनच्या पिढीत, तारीख जुळण्याला फारसं वजन देता येत नाही. २७ ऑक्टोबर जुळली तर तिचं वजन बरंच जास्त. वर्ष धरलं तरी अडचण सुटत नाही, कारण एकाच वर्षी पहिलीत आलेल्या मुलांचं वर्षही बहुधा एकच लिहिलेलं असतं. अशा ठिकाणी वडिलांचं नाव आणि पत्ता बघितल्याशिवाय एकही नाव काढू नये. माझ्या नात्यातल्या एका काकांचं नाव अशाच एका यादीतून गेलं होतं आणि आपण दुसरेच आहोत हे पटवून द्यायला त्यांना तीन हेलपाटे पडले.

सामना संपल्यावर गॅलरीच्या पायऱ्या उतरताना मी आण्णांना त्यांच्या जुन्या संघाबद्दल विचारलं. अजून भेटता का सगळे? म्हणाले, दर रविवारी सकाळी रंकाळ्यावर, पंधराएक जण तरी असतात.

"वाढदिवस कुणाकुणाचा कधी, माहीत आहे?"

आण्णा थांबले, बोटांवर मोजायला लागले. "माझी एक जून. दामूची एक जून. पोस्टातला होता त्याचीबी..." मग चौथ्या बोटावर अडले. "पण माझी आई म्हणायची, तू नवरात्रातला."